अंधारात तीन मोजे, वर्गात तेरा मुलं

अनघा_सहकारनगर

शनिवारी दुपारी माझ्याकडे सहावी-सातवीची काही मुलं गणिताला येतात. परीक्षेसाठी नाही, आवड म्हणून. सध्या त्यांच्याबरोबर कबुतरखान्याचं तत्त्व घेतेय, म्हणजे खान्यांपेक्षा कबुतरं जास्त असली तर कुठल्यातरी एका खान्यात दोन तरी येणारच. सुरुवातीला दोनच गणितं दिली.

पहिलं असं. कपाटाच्या खणात दहा काळे आणि दहा पांढरे मोजे सुटे पडलेत आणि लाइट गेलीय. न बघता किती मोजे काढले म्हणजे एका रंगाची जोडी नक्की हाताला लागेल?

दुसरं असं. वर्गात कमीत कमी किती मुलं असली म्हणजे, हजेरीपट न उघडता, दोघांचा तरी जन्ममहिना एकच आहे असं ठामपणे सांगता येईल?

उत्तरं ३ आणि १३. इथल्या बऱ्याच जणांना ती माहीत असतील. मला बोलायचंय ते मुलं कुठे अडतात त्याबद्दल, कारण दरवर्षी त्याच जागी अडतात. मोज्यांच्या गणितात निम्मी मुलं ११ सांगतात. विचारलं की म्हणतात, "ताई, नशीब फारच वाईट असलं तर दहाच्या दहा काळेच येतील ना, मग अकरावा पांढरा." मुलांनी वाईटात वाईट शक्यतेचा विचार केला हे फार चांगलं, पण वाईट कशासाठी तेवढं बघायचं राहिलं. आपल्याला जोडी हवीय. दहा काळे मोजे आले तर हातात पाच जोड्या आल्या, त्यात वाईट काय? जोडी हवी असणाऱ्याचं वाईट नशीब म्हणजे एक काळा, एक पांढरा. आणि ते नशीब दोन मोज्यांतच संपतं. तिसरा मोजा काळा निघो की पांढरा, त्या रंगाचा एक आधीच हातात आहे. खणात दहाच्या जागी हजार-हजार मोजे असले तरी उत्तर तीनच.

११ हे उत्तर "दोन वेगळ्या रंगांचे मोजे नक्की मिळायला किती काढावे" या प्रश्नाचं आहे. त्यामुळे ११ सांगणाऱ्या मुलाला मी चूक म्हणत नाही, त्याने सोडवलेला प्रश्न त्यालाच परत विचारायला लावते.

वर्गाच्या गणितात उत्तर सगळ्यांचं येतं, पण "का?" लिहायला सांगितलं की पेन थांबतं. मी असं लिहून घेते: समजा कोणाही दोघांचा महिना एक नाही. मग एका महिन्यात फार तर एकच मूल. महिने बारा, म्हणून मुलं फार तर बारा. पण मुलं तेरा आहेत, म्हणजे आपलं "समजा" टिकत नाही. एवढंच. तुम्ही हे मुलांना कसं समजावता? आणि मुलं कुठे अडकताना दिसतात?

निखिल_बाणेर

ताई, १३ खूपच जास्त होतात. पाच जणांतच काम होतं. पाच जणांत कोणा दोघांचा महिना जुळायची शक्यता जवळपास ६२ टक्के आहे. पहिल्याचा कुठलाही महिना, दुसऱ्याला ११ मोकळे, तिसऱ्याला १०, मग ९, मग ८. हे गुणून १२ च्या योग्य घाताने भागलं की पाचही वेगळे असण्याची शक्यता ३८ टक्के येते. आमच्या ऑफिसात आठ जणांची टीम आहे आणि तिथे दोन जोड्या आहेत. प्रत्यक्षात १३ पर्यंत जायची वेळच येत नाही.

अनघा_सहकारनगर

निखिल, तुझा हिशोब बरोबर आहे आणि मुलांना तोही मी पुढे दाखवते. पण प्रश्नात "नक्की" आहे. पाच जणांत ६२ टक्के म्हणजे अशा शंभर गटांपैकी अडतीसएक गट तुला खोटं पाडणार. बारा जणांपर्यंत गेलास तरी सगळ्यांचे महिने वेगळे असणं शक्य आहे. सगळे महिने सारखेच संभवनीय धरले तर साधारण १८,६०० गटांमागे एकदा तसं होईल. फार विरळ, पण होऊ शकतं. तेराव्या मुलाला मात्र ते शून्य होतं.

आणि तुझ्या हिशोबातली एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम शोधायला लावते. ६२ टक्के काढताना तू एक गृहीत धरलंस, की बाराही महिन्यांत सारखीच मुलं जन्मतात. तेराच्या युक्तिवादात तसं काहीच धरावं लागत नाही.

बापू_नारायणपेठ

या शेवटच्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. आमच्या पिढीत खेडेगावातून आलेल्या कितीतरी जणांची हीच तारीख सापडेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. वडिलांना तारीख माहीत नसायची, गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. आमच्या वर्गात निम्मी मुलं १ जूनची होती. खरा जन्म विचाराल तर आई सांगायची, "पालखी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तू."

मग माझा प्रश्न असा की जिथे तारखाच खोट्या आहेत तिथे तुमचं तत्त्व कसं लागू पडायचं?

गणितवेडा

बापूकाका, तुमच्या वर्गात ते आणखी सहज लागू पडतं. महिना जुळू नये असं वाटत असेल तर मुलांना बारा महिन्यांत होता होईल तितकं समान पसरावं लागतं. तत्त्व या सर्वांत अवघड मांडणीलाही पुरून उरतं. तुमच्या गुरुजींनी निम्मा वर्ग जूनमध्ये बसवला, तिथे जोडी मिळायला तेरा मुलंसुद्धा लागणार नाहीत. पण नक्की सांगायचं असेल, वर्ग न बघता सांगायचं असेल, तर आकडा तेराच राहतो.

तारीख खरी की खोटी याने फरक पडत नाही, पण दोन अटी पाळाव्या लागतात. प्रत्येक मुलाला एक आणि एकच महिना मिळाला पाहिजे, आणि तो सगळ्यांना एकाच नियमाने मिळाला पाहिजे. दाखल्यावरचा घ्या, नाहीतर घरच्यांनी सांगितलेला घ्या. तेरा मुलांत दाखल्यावरचा महिना दोघांचा तरी जुळणार. त्याच तेरा मुलांत खरा महिनाही दोघांचा तरी जुळणार, फक्त ते दोघे कदाचित दुसरे असतील. हिशोब मोडतो तो कधी? एखाद्याचा महिना कोणालाच माहीत नाही म्हणून तो रकाना कोरा ठेवला, तर ते मूल कुठल्याच खान्यात बसत नाही. तिथे मोजायची मुलं बाराच उरतात, किंवा "माहीत नाही" हा तेरावा खाना धरावा लागतो.

बापू_नारायणपेठ

समजलं. म्हणजे मी दाखल्याने जूनमध्ये आणि आईच्या सांगण्याने पालखीच्या महिन्यात. दोन्ही मोजणीत मी आहे, पण एका वेळी एकीतच.

सुमनआजी

बापूसाहेबांनी पालखीचा विषय काढला म्हणून विचारते. आमच्या घरी वाढदिवस तिथीने करतात. नातवाच्या वर्गात प्रत्येकाला मराठी महिना विचारला तर? महिने बाराच, चैत्र ते फाल्गुन. पण अधिक महिना आला तर त्या वर्षी तेरा होतात. माझी नात २०२३ च्या अधिक श्रावणातली आहे. तिला कुठे बसवायचं?

गणितवेडा

आजी, मुलांना नेमका हाच प्रश्न विचारायला हवा. मुलं मोजण्याआधी खाने ठरवायला लागतात, आणि ते तुमचे तुम्ही ठरवायचे असतात.

अधिक श्रावणातल्या मुलीला श्रावणातच धरलं, तर खाने बारा आणि तेरा मुलं पुरेशी. अधिक श्रावण हा वेगळा खाना धरला, तर खाने तेरा झाले आणि चौदा मुलं लागतील. त्यात पुन्हा एक मेख आहे. अधिक महिना दर वेळी तोच नसतो. २०१२ मध्ये अधिक भाद्रपद होता, २०१५ मध्ये अधिक आषाढ, २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ, २०२० मध्ये अधिक आश्विन. एका इयत्तेतली मुलं साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आतबाहेरची असतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला बहुधा एकच अधिक महिना येतो. पण सगळ्या शाळेची मुलं एकत्र केली आणि प्रत्येक अधिक महिना वेगळा मोजला, तर खाने वाढत जातात आणि तेरा-चौदाने भागत नाही.

सुमनआजी

वेगळा मोजायचा प्रश्नच येत नाही. अधिकात जन्मलेल्याचा वाढदिवस पुढच्या वर्षी त्याच नावाच्या निज महिन्यात करतात. म्हणून ती श्रावणातलीच.

कुमार_धनकवडी

आजी, पंचांगात मात्र अधिक आणि निज वेगवेगळे छापतात. आमच्याकडे आत्याचा वाढदिवस अधिक महिना येईल तेव्हाच दोनदा होतो. मी वेगळाच मोजीन.

बाकी मूळ गणिताबद्दल. मला तर १२ ने भागायची रीत सोपी वाटते. वर्गात ४० मुलं आहेत, ४० ला १२ ने भागलं की ३ येतात आणि ४ उरतात. म्हणजे प्रत्येक महिन्यात किमान तीन मुलं असणारच, आणि एका महिन्यात चार.

वैशाली_के

कुमार यांचं वाचून मला राहवलं नाही. माझ्या मुलाच्या वर्गात ४२ मुलं आहेत. त्याचा वाढदिवस फेब्रुवारीत आणि फेब्रुवारीतलं वर्गात दुसरं कोणीही नाही. बाईंनी प्रत्येकाला आपल्या महिन्याचा जोडीदार शोधून त्याच्याबरोबर तक्ता करायला सांगितला होता. हा एकटाच राहिला आणि रडत घरी आला. तेरा मुलांत जोडी नक्की म्हणता, मग बेचाळीस मुलांत याला जोडी का नाही? तत्त्व चुकतंय का बाईंचं?

प्रथमेश_नववी

मावशी, तत्त्व तुमच्या मुलाबद्दल काही बोलतच नाही. कोणीतरी दोघे जुळतील एवढंच ते सांगतं. कोण ते सांगत नाही.

अनघा_सहकारनगर

प्रथमेश बरोबर बोललास. वैशालीताई, तुमच्या मुलाचं वाईट वाटलं. तक्त्याचा उपक्रम तसा द्यायला नको होता, कारण प्रत्येकाला जोडीदार मिळेल याची हमी कोणतंच गणित देत नाही. शाळेत हजार मुलं असली तरी फेब्रुवारीतलं मूल एकटं असू शकतं. बाकीची ९९९ उरलेल्या अकरा महिन्यांत आरामात मावतात.

मोज्यांत हेच बघा. "कुठल्याही रंगाची जोडी" हवी असेल तर तीन मोजे. पण शाळेला काळेच मोजे लागतात, काळ्यांचीच जोडी पाहिजे असं म्हटलं, की आधी दहाच्या दहा पांढरे हाताला येऊ शकतात. मग आकडा थेट १२ होतो. "कोणीतरी" च्या जागी "मी" आला की प्रश्नच बदलतो. मुलं दुसऱ्या कुठल्याही ठिकाणापेक्षा इथे जास्त घसरतात असा माझा अनुभव आहे.

आता कुमारदादा. तुमच्या उत्तराचा दुसरा भाग बरोबर आहे, पहिला नाही. वैशालीताईंचा वर्गच उदाहरणाला आहे. ४२ मुलं, तरी फेब्रुवारीत एकच. प्रत्येक महिन्यात किमान इतकी असं काही म्हणता येत नाही, एखादा महिना रिकामासुद्धा असेल. म्हणता येतं ते इतकंच की कुठल्यातरी एका महिन्यात चार किंवा जास्त मुलं आहेत. कारण तसं नसतं तर प्रत्येक महिन्यात फार तर तीन, म्हणजे सगळी मिळून फार तर ३६. ताईंच्या वर्गात तर फेब्रुवारी बाजूला काढला तरी ४१ मुलं अकरा महिन्यांत राहतात. तीन-तीन करून ३३ च मावतात, म्हणजे तिथेही कुठेतरी चार आहेतच.

कुमार_धनकवडी

सरासरी तीनच्या वर असल्यामुळे मला प्रत्येक खान्यात तीन दिसत होते. निदान एका खान्यात तरी सरासरीपेक्षा कमी नाहीत, असं म्हणायला हवं होतं. ठीक.

पण मोज्यांवर माझी एक हरकत आहे. मी रोज सकाळी पर्वतीवर पळत जातो. माझ्या पळायच्या मोज्यांवर बोटांपाशी बारीक अक्षरात डावा-उजवा विणलेलं आहे. अंगठ्याकडची शिवण तशी तिरपी असते, उलटा घातला तर अर्ध्या तासात करंगळीला फोड येतो. सगळे एकाच करड्या रंगाचे आहेत. तुमच्या हिशोबाने दोन काढले की जोडी. माझी दोन्ही डावे निघाले तर?

गणितवेडा

कुमार, मस्त उदाहरण. जोडी म्हणजे "दोन सारखे" असं असतं तेव्हा तत्त्व सरळ लागतं. तुमच्या मोज्यांत जोडी म्हणजे "दोन वेगळे", एक डावा आणि एक उजवा. दहा जोड्या असतील तर दहाच्या दहा डावे आधी येऊ शकतात, म्हणून ११ काढावे लागतील. मंगल कार्यालयाच्या दारात एकसारख्या दहा जोड्या चपला अंधारात चाचपायच्या असतील तरी ११.

अनघाताईंची मुलं जे ११ सांगतात, त्याची खरी जागा ही. आणि इथे खणात किती आहेत त्यावर उत्तर अवलंबून आहे. वीस जोड्या असतील तर २१. साध्या मोज्यांत तसं नव्हतं, तिथे फक्त रंग किती ते बघायचं होतं. एखाद्या गणितात खाने कोणते ते कळत नसेल तर मी मुलांना विचारतो: खणातले मोजे दुप्पट केले तर उत्तर बदलेल का?

प्रथमेश, तुला एक देतो. चार रंगांचे मोजे आहेत, प्रत्येक रंगाचे भरपूर. साधे, डावे-उजवे नसलेले. पाच जोड्या नक्की मिळायला किती काढावे लागतील? जोड्या कुठल्याही रंगाच्या चालतील.

प्रथमेश_नववी

चार रंग म्हणजे एका जोडीला ५. पाच जोड्या म्हणजे ५ गुणिले ५, २५.

निखिल_बाणेर

२५ मध्ये पाच जोड्या नक्की मिळतील हे खरंच आहे. पण त्याआधीच मिळतील असं वाटतंय.

अनघा_सहकारनगर

प्रथमेश, एक कर. पाच मोजे काढलेस, त्यातली एक जोडी बाजूला ठेवलीस. हातात किती राहिले? ते तू खणात परत टाकलेस का?

प्रथमेश_नववी

तीन राहिले. परत नाही टाकले.

म्हणजे पुढच्या जोडीला पाच नवे नकोत! हातात तीन आहेत, आणखी दोन काढले की पुन्हा पाच होतात, आणि पाचांत जोडी असतेच. म्हणजे पहिल्या जोडीला ५, नंतर प्रत्येक जोडीला २. ५, ७, ९, ११, १३. उत्तर १३.

गणितवेडा

शाब्बास. आता अर्धं काम उरलंय. १३ पुरतात हे तू दाखवलंस. १२ पुरत नाहीत हे कसं दाखवशील?

प्रथमेश_नववी

१२ मोजे असे काढून दाखवायचे की पाच जोड्या होणार नाहीत?

लाल ३, निळे ३, काळे ३, पांढरे ३. प्रत्येकाची एक जोडी आणि एक सुटा. चारच जोड्या.

गणितवेडा

किंवा लाल ९ आणि बाकीचे एकेक, तेही चालेल. दोन्ही बाजू लागतात म्हणून आग्रह धरतो. निखिलने म्हटल्याप्रमाणे २५ हेही "पुरतात" याच अर्थाने खरं होतं. "कमीत कमी" विचारलं असेल तेव्हा एक कमी करून ते फसतं असं उदाहरण हातात आल्याशिवाय मी उत्तर पक्कं धरत नाही. वर्गाच्या गणितातही बारा मुलं, बारा वेगळे महिने, हे उदाहरण लिहायलाच हवं. बरीच मुलं तेरा का पुरतात ते लिहितात आणि बारा का पुरत नाहीत ते सोडून देतात.

बापू_नारायणपेठ

हे तत्त्व कोणाचं? आमच्या वेळी पुस्तकात नव्हतं.

गणितवेडा

काका, सहसा जर्मन गणिती डिरिश्ले यांचं नाव घेतात, १८३४ च्या सुमाराचं. खणांचं तत्त्व म्हणूनही ते ओळखलं जातं. पण कल्पना त्याहून जुनी आहे. फ्रान्समधले जाँ ल्यूरेशाँ यांच्या १६२२ च्या पुस्तकात असं म्हटलेलं आहे की दोन माणसांच्या डोक्यावर केसांची संख्या अगदी सारखी असलीच पाहिजे.

ते पुण्यावर करून बघा. माणसाच्या डोक्यावर साधारण एक-दीड लाख केस असतात. आपण सढळ हाताने दहा लाखांची मर्यादा धरू. म्हणजे शून्यापासून दहा लाखांपर्यंत खाने झाले दहा लाख एक, टक्कल पडलेल्यांचा शून्याचा खाना धरून. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांहून जास्त होती. प्रत्येक खान्यात तीन-तीन माणसं बसवली तरी ३० लाख तीनच मावतात. म्हणजे तेव्हा पुण्यात किमान चार माणसं अशी होती की ज्यांच्या डोक्यावर केस अगदी एकसारखे, एकाचाही फरक नाही. ती कोण, ते केस मोजल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

वैशाली_के

टक्कल असलेली चार माणसं तर आमच्या सोसायटीतच मिळतील की.

गणितवेडा

हो, त्यांनीही विधान खरंच ठरतं. त्यांना वगळायचं असेल तर आधी शहरातले पूर्ण टक्कल असलेले किती ते माहीत हवं. ते लाखभर धरले तरी ३० लाखांच्या वर माणसं उरतात आणि खाने दहा लाख. तरीही चार.

प्रथमेश_नववी

मी एक बनवलंय. वर्गात मुलं-मुली दोन्ही आहेत. दोन मुलगे किंवा दोन मुली असे हवेत की त्यांचा महिना एकच. तर २५ जण लागतील. कारण जानेवारीचा मुलगा, जानेवारीची मुलगी असे २४ खाने होतात. आणि २४ जणांत प्रत्येक महिन्यात एक मुलगा, एक मुलगी ठेवली तर जमत नाही.

अनघा_सहकारनगर

दोन्ही बाजू लिहिल्यास, फार छान. हे मी शनिवारी तुझ्या नावाने मुलांना देणार.

आता तू मला दिलंस, तर मीही एक देते. आधीच्यांपेक्षा अवघड आहे, घाई करू नकोस. वर्गात ३० मुलं आहेत. प्रत्येकाने वर्गात आपले मित्र किती ते मोजलं. मैत्री दोन्हीकडून असते असं धरायचं. सिद्ध कर की कोणातरी दोघांच्या मित्रांची संख्या सारखी आहे.

निखिल_बाणेर

ताई, इथे तत्त्व लागू होत नाही असं वाटतंय. मित्रांची संख्या शून्य ते २९ यांपैकी काहीही असू शकते. हे ३० आकडे झाले, खाने ३० आणि मुलंही ३०. प्रत्येकाला आपापला खाना मिळतो. जुळायलाच हवं असं नाही.

अनघा_सहकारनगर

खाने बरोबर मोजलेस. आता बघ, तीसच्या तीस खाने एकाच वेळी भरता येतात का?

प्रथमेश_नववी

नाही येत! ज्याचे २९ मित्र आहेत तो सगळ्यांचाच मित्र आहे. मग शून्य मित्रवाला कोणी असूच शकत नाही, कारण २९ वाला त्याचाही मित्र असणार. शून्य आणि २९ यांतला एक खाना नेहमी रिकामाच. म्हणजे खाने २९ च, मुलं ३०.

निखिल_बाणेर

मान्य. दोन टोकं एकमेकांना अडवतायत हे मी बघितलंच नव्हतं.

वैशाली_के

पण मुलांमध्ये मैत्री दोन्हीकडून कुठे असते? माझा मुलगा ज्याला मित्र म्हणतो, तो मुलगा याचं नावही घेत नाही. एकतर्फी मोजलं तर काय होईल?

प्रथमेश_नववी

मावशी, मग मोडतं. तीनच मुलं घेतो. पहिला कोणालाच मित्र म्हणत नाही, शून्य. दुसरा फक्त पहिल्याला म्हणतो, एक. तिसरा दोघांनाही म्हणतो, दोन. तिघांचे आकडे वेगळे. पहिल्याचे शून्य असूनही तिसऱ्याचे दोन होऊ शकले, कारण पहिल्याने उलट मित्र म्हणायची गरजच उरली नाही. तीसजणांनाही असंच ओळीने लावता येतं, शून्यापासून २९ पर्यंत.